रस्ता ओलांडण्याचा पाठ : तिसरीच्या वर्गासाठी चिन्हे, मैदानावरचे पट्टे आणि दोन मिनिटांची नाटुकली

तिसरीतले मूल साधारण आठ वर्षांचे असते. त्याला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येते आहे हे नीट ठरवता येत नाही. शिवाय आपल्याला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसलो, असे ते धरून चालते. रस्ता सुरक्षेचा पाठ आखताना या दोन गोष्टी सतत समोर ठेवायच्या. घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा यांनी त्यातली एकही गोष्ट बदलत नाही.

नव्या शिक्षकाकडून या पाठात एक चूक फार सहज होते. मैदानावर छान पट्टे आखले जातात, गाड्या झालेली मुले पट्ट्यांपाशी शहाण्यासारखी थांबतात, सर किंवा बाई ‘चला’ म्हणतात आणि सगळा वर्ग रांगेने पलीकडे जातो. पाठ सुरेख दिसतो, पण त्यातून मूल शिकते ते असे : पट्ट्यांवर गाड्या थांबतात, आणि कधी निघायचे ते मोठी माणसे सांगतात. शाळेबाहेरच्या रस्त्यावर यातले काहीच खरे नसते. म्हणून इथे दिलेल्या आखणीत गाडी कधी थांबते, कधी थांबत नाही, आणि निघायचे की नाही हे प्रत्येक मुलाने एकट्याने ठरवायचे आहे.

उदाहरण म्हणून तीस मुलांचा तिसरीचा वर्ग, समोर दोन पदरी रस्ता आणि जवळच एस.टी.चा थांबा असलेली गावातली शाळा धरली आहे. पाठाला दोन दिवस लागतात, रोज लागून आलेल्या दोन तासिका. रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम बहुतेक शाळांत जानेवारीत होतात, पण हा पाठ जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात घेणे चांगले. तेव्हा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटा नव्याने ठरत असतात आणि पावसाळा तोंडावर असतो.

आधी शाळेसमोरचा रस्ता मोजा

मुलांशिवाय, शाळा सुटल्यावर, एखाद्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन रस्त्यावर जा. दोन पदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण 7 मीटर असते. आठ वर्षांचे मूल सेकंदाला एक मीटर चालते असे धरले तर त्याला पलीकडे जायला सात सेकंद लागतात. ताशी 36 किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात 10 मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ती 70 मीटर अंतर कापते. मोकळ्या रस्त्यावर वेग याच्या दुप्पटही असतो, तेव्हा अंतर दुप्पट धरा : सुमारे 140 मीटर. मोठ्या माणसाच्या चालीने ही 185 ते 190 पावले होतात.

जिथून मुले ओलांडतात तिथून दोन्ही बाजूंना तेवढी पावले मोजा आणि तिथे हलणार नाही अशी खूण शोधा. चिंचेचे झाड, विजेचा खांब, मोरीचा कठडा, काहीही चालेल. वेगाचा अंदाज मुलाला येत नाही, पण ‘गाडी चिंचेच्या अलीकडे आली असेल तर थांबायचे’ हे त्याला नक्की जमते. संपूर्ण पाठ या खुणेवर उभा राहतो. वळणामुळे, चढामुळे किंवा टपरीमुळे खूण दिसतच नसेल, तर ती जागा ओलांडण्यासारखी नाही. अशा वेळी दुसरी जागा शोधा आणि तीच मुलांना सांगा, मग तिथे जायला थोडे लांब चालावे लागले तरी चालेल.

चिन्हे : पाच पुरेत

बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावर चाळीसेक चिन्हे असतात. मुले ती पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. आकार समजला की चिन्हाचा अर्धा अर्थ कळतो, म्हणून आकारापासून सुरुवात करा. लाल कडेचा त्रिकोण पुढे काय आहे त्याची सूचना देतो. लाल कडेचे वर्तुळ मनाई करते. निळा आयत माहिती देतो. आठ बाजूंचा लाल आकार म्हणजे ‘थांबा’, आणि तो आकार दुसऱ्या कुठल्याच चिन्हाला नाही. धुळीने अक्षरे पुसली किंवा चिन्ह मागून दिसले तरी ते ओळखता यावे, म्हणूनच तो वेगळा ठेवलेला असतो.

पाच चिन्हे अशी घ्या : ‘थांबा’, ‘पुढे शाळा आहे’ (त्रिकोणात दोन मुले), ‘पुढे पादचारी रस्ता ओलांडतात’ (त्रिकोणात पट्ट्यांवर चालणारा माणूस), ‘हॉर्न वाजवू नका’ (वर्तुळ) आणि ‘रुग्णालय’ (निळा आयत).

ती जाड पुठ्ठ्याची करा. त्रिकोणाची बाजू 30 सेंटिमीटर ठेवली की वर्गाच्या मागच्या भिंतीपासून चित्र ओळखू येते. ‘थांबा’चा अष्टकोन बऱ्याच जणांना जमत नाही आणि शेवटी त्याचे वर्तुळ होते, म्हणजे शिकवायचा आकारच हरवतो. सोपी रीत अशी : 24 सेंटिमीटरचा चौरस कापा, प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर 7 सेंटिमीटरवर खूण करा, खुणा जोडा आणि चारही कोपरे कापून टाका. प्रत्येक बाजू 10 सेंटिमीटरच्या जवळपास येते. त्याला लाल घोटीव कागद लावा आणि पांढऱ्या रंगाने ‘थांबा’ लिहा. काठीला दोन ठिकाणी दोरा ओवून बांधा, नुसत्या चिकटपट्टीवर मैदानातला वारा ते टिकू देत नाही.

वर्गात प्रत्येक चिन्ह दाखवून एकच प्रश्न विचारा : हे कोणाशी बोलते आहे? मुले बहुधा ‘आपल्याशी’ म्हणतात. ‘पुढे शाळा आहे’ हा फलक गाडी चालवणाऱ्याला वेग कमी करायला सांगतो. मुलाला तो काहीच सांगत नाही, ‘आता तू सुरक्षित आहेस’ असे तर मुळीच नाही. मग लगेच दुसरा प्रश्न : गाडीवाल्याने फलक पाहिलाच नाही तर? इथे वर्गाला बोलू द्या. या चर्चेला दहा मिनिटे गेली तरी ती सत्कारणी लागतात, कारण पुढचा मैदानावरचा सराव याच प्रश्नावर चालतो.

मैदानावर रस्ता आखणे

रुंदी खऱ्या रस्त्याइतकीच, म्हणजे 7 मीटर ठेवा. जागा कमी आहे म्हणून 3 मीटरचा रस्ता आखला, तर मूल चार ढांगांत पलीकडे पोहोचते आणि ‘खूप वेळ आहे’ हाच अंदाज घेऊन घरी जाते. लांबी कमी करता येते, रुंदी करू नये. मैदान खरोखरच अपुरे असेल तर एकच पदर, साडेतीन मीटरचा आखा आणि ‘हा अर्धाच रस्ता आहे’ असे स्पष्ट सांगा.

पट्टे आखण्याची रीत इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांसारखी ठेवू : 50 सेंटिमीटर रुंद पांढरा पट्टा, मग तेवढीच मोकळी जागा. रस्त्याच्या एका कडेपासून 25 सेंटिमीटर सोडा, मग पट्टा, जागा, पट्टा असे सात पट्टे काढा. दुसऱ्या कडेलाही बरोबर 25 सेंटिमीटर उरतात आणि 7 मीटर भरतात. प्रत्येक पट्ट्याची लांबी अडीच मीटर. ही लांबी रस्त्याच्या दिशेने धावली पाहिजे. चालणारा माणूस एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकत जातो, पट्ट्याच्या लांबीवरून चालत नाही. घाईत पट्टे नेमके आडवे आखले जातात, म्हणून आधी सुतळी ताणून एक पट्टा काढा, त्यावर उभे राहून दिशा तपासा आणि मगच पुढचे काढा.

पट्ट्यांच्या अलीकडे 2 मीटरवर, गाडी ज्या बाजूने येते त्या पदरात, गाड्यांसाठी थांबण्याची रेघ ओढा. मधोमध तुटक रेघ. मुलाने उभे राहायचे ते रस्त्याच्या कडेपासून दोन पावले मागे, तिथे दोन्ही बाजूंना पावलांचे ठसे काढा. पट्ट्यांपासून दोन्ही बाजूंना 12 मीटरवर एक झेंडी रोवा, ती आपली चिंच. झपझप चालणारे मूल सात सेकंदांत साधारण दहा-साडेदहा मीटर जाते, म्हणून खेळातल्या गाडीसाठी 12 मीटर पुरतात. प्रत्येक पदरात गाड्यांच्या दिशेचे बाण काढायला विसरू नका.

मातीच्या मैदानावर साधी पांढरी रांगोळी वापरा. पातळ भरली तर पट्ट्यांना साधारण पाच-सहा किलो लागते. खो-खोच्या मैदानाला घालतात ती चुन्याची फक्की इथे नको, कारण मुले त्यावरून सतत चालणार, भुकटी उडणार आणि डोळे चुरचुरणार. फरशीवर मास्किंग टेपने पट्ट्यांची नुसती चौकट काढा. सात पट्ट्यांना 42 मीटर टेप लागते, बाकीच्या रेघा धरून 20 मीटरची तीन-चार रिळे आणा. पांढरे कागद अंथरू नका, ते पायाखालून सरकतात. कायमचे पट्टे हवेत म्हणून काही ठिकाणी तैलरंग लावतात. फरशीवर तो ओला झाला की निसरडा होतो, तेव्हा पावसाळ्यात मुले घसरण्याची भीती राहते.

ओलांडण्याचा सराव

पहिल्यांदा ‘आधी उजवीकडे का?’ हे पायांनी कळू द्या. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे कडेला उभे राहिल्यावर आपल्या जवळच्या पदरातली गाडी उजवीकडून येते. मुलांना कडेला उभे करा, बाणाच्या दिशेने दोघांना गाड्या म्हणून चालवा आणि विचारा, आधी कोणती पोहोचली? मग त्याच मुलांना पलीकडच्या कडेला नेऊन पुन्हा विचारा. तिथून उजवी बाजू उलटी असते, आणि ‘शाळेची बाजू’ किंवा ‘देवळाची बाजू’ असे लक्षात ठेवलेले मूल तिथे हमखास चुकते. ज्यांचा उजव्या-डाव्याचा गोंधळ आहे त्यांच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा. तुम्ही स्वतः मुलांकडे तोंड करून हात दाखवू नका, कारण तुमचा उजवा हात त्यांच्या डावीकडे येतो. त्यांच्या शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभे राहा.

आता खरा सराव. एका वेळी एकच मूल. ते ठशांवर थांबते, उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहते, मोठ्याने ‘जाते’ किंवा ‘थांबते’ म्हणते आणि त्याप्रमाणे करते. तुम्ही ‘चल’ म्हणायचे नाही. ओलांडताना धावायचे नाही, आणि मधली रेघ आली की पुन्हा डावीकडे पाहायचे, कारण आता त्या पदरातली गाडी जवळची झालेली असते.

इथे मान फिरते, पण नजर काहीच टिपत नाही. कवायतीसारखी तीन वळणे होतात आणि मूल निघते. याची परीक्षा घेण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. दोन्ही झेंड्यांपाशी, गाड्यांच्या वाटेबाहेर, एकेका मुलाला उभे करा. तो बोटांनी आकडा दाखवतो. ओलांडणाऱ्याने निघण्याआधी दोन्ही आकडे सांगायचे. उजवीकडचा मुलगा पहिल्या आणि तिसऱ्या नजरेच्या मध्ये आकडा बदलतो. ज्याने तिसऱ्यांदा खरेच पाहिले तोच नवा आकडा सांगतो, बाकीचे जुनाच सांगतात. चुकले तर ओरडायची गरज नाही, मूल स्वतःच चमकून पुन्हा पाहते.

गाड्या होणाऱ्या मुलांसाठी तीन नियम : झपझप चालायचे, धावायचे नाही. गळ्यात ‘एस.टी.’, ‘मोटारसायकल’, ‘ट्रॅक्टर’ अशा पाट्या. आणि थांबायचे ठरवले तरी त्यानंतर तीन पावले पुढे जाऊनच थांबायचे. या तीन पावलांमुळे मुलांना कळते की ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. थांबायचे की नाही हे तुम्ही गुपचूप ठरवा. प्रत्येक गाडीला सुरुवातीलाच चिठ्ठी द्या, अर्ध्या चिठ्ठ्यांवर ‘थांब’, अर्ध्यांवर ‘जा’. ओलांडणाऱ्याला चिठ्ठी माहीत नसते, म्हणून गाडी पूर्ण उभी राहिलेली दिसेपर्यंत किंवा निघून जाईपर्यंत त्याला थांबावेच लागते.

एका मुलाला साधारण अर्धे मिनिट लागते, तीस मुलांची एक फेरी पंधरा-वीस मिनिटांत होते. बाकीच्यांना नुसते बसवले तर गोंगाट होतो. दहा जण ओलांडणारे, आठ गाड्या, दोन आकडेवाले आणि दहा निरीक्षक अशी वाटणी करा आणि गट फिरवत राहा. निरीक्षकाने एकाच मुलाकडे पाहून तीन खुणा करायच्या : ठशांवर थांबला का, आकडे बरोबर आले का, चालत गेला का. पहिल्या दिवशी चिन्हे आणि ही एक फेरी होते.

दुसऱ्या दिवशी फेरी थोडी अवघड करा. कडेला उभ्या टेम्पोच्या जागी स्टँडवरचा फळा ठेवा. बाक पुरत नाही, तिसरीच्या मुलाची उंची 120 ते 125 सेंटिमीटर असते आणि त्याला झाकायला निदान दीड मीटर उंच आडोसा लागतो. आडोशामागून मुलाला गाडी दिसत नाही, आणि गाडी झालेल्या मुलाला विचारले तर तोही ‘मला ती दिसलीच नाही’ म्हणतो. ही साक्ष गाडीच्या तोंडून येऊ द्या. नंतर दोघा-तिघांना रेनकोटची टोपी चढवून आकडे वाचायला सांगा. बाजूचे आकडे त्यांना दिसत नाहीत. ओलांडण्याआधी टोपी मागे सारायची, केस भिजले तरी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

नाटुकली

प्रत्येक नाटुकले दोन मिनिटांचे, पात्रे तीन-चार, संवाद पाठ करायचे नाहीत. प्रसंग फक्त तीन घ्या. एस.टी.तून उतरल्यावर गाडीच्या पुढून ओलांडण्याचा मोह हा पहिला. चालकाची बैठक उंच असते आणि अगदी पुढ्यातले लहान मूल त्याला दिसत नाही, शिवाय एस.टी.ला ओलांडून येणारी गाडी मुलाला दिसत नाही. म्हणून एस.टी. निघून जाईपर्यंत कडेला थांबायचे. दुसरा प्रसंग असा : जवळच्या पदरातली गाडी थांबते, चालक हाताने ‘जा जा’ म्हणतो आणि तिच्या शेजारून मोटारसायकल पुढे घुसते. थांबलेल्या गाडीच्या कडेपाशी पुन्हा थांबून पलीकडे डोकावायचे, हे मुलांच्या अंगवळणी पाडावे लागते. मोठी माणसेही इथे फसतात.

तिसरा प्रसंग रोजचा आहे, तो पूर्ण देतो. शाळा सुटली आहे, बाबा पलीकडे स्कूटरवर आहेत.

बाबा : सई, ये पटकन! उशीर होतोय!
(मैत्रीण हात ओढते) : चल ना, तुझे बाबा बोलावतायत.
सई (ठशांवर थांबून, हात वर करून) : बाबा, थांबा! आधी गाडी जाऊ दे.
बाबा : अगं, ये, काही नाही येत!

इथे टाळी वाजवून नाटक थांबवा आणि वर्गाला विचारा, आता सईने काय करावे? मुले उपाय सांगतात, आणि जो उपाय निवडला जातो तो लगेच करून दाखवायचा. दोन उपाय बरोबर आहेत. सई बाबांचे न ऐकता स्वतः पाहते आणि ठरवते, किंवा ‘बाबा, तुम्हीच इकडे या’ म्हणते. दुसरा अधिक चांगला. मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकलेल्या मुलाला हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून प्रत्येकाच्या तोंडून ते एकदा तरी मोठ्याने वदवून घ्या.

नाटुकल्यात अपघात दाखवू नका. गाडीखाली येऊन पडण्याचा अभिनय मुलांना फार आवडतो, सगळे हसतात, आणि शरीराने सराव होतो तो चुकीच्या पावलाचा. चुकीचा निर्णय येताच टाळी, सगळे स्तब्ध, आणि तिथून बरोबर कृती. प्रत्येक नाटुकले बरोबर ओलांडूनच संपले पाहिजे.

पाठ झाल्यावर

पालकांना त्याच दिवशी चिठ्ठी द्या, चार ओळींची : मुलाला रस्त्यापलीकडून हाक मारू नका, स्वतः त्याच्या बाजूला या. आमची ओलांडण्याची जागा आणि दोन्ही खुणा अमुक आहेत. ओलांडताना मुलाचे बोट न धरता मनगट धरा, बोट सहज निसटते. तिसरीच्या मुलाने हा रस्ता मोठ्या माणसाबरोबरच ओलांडावा. शेवटची ओळ वगळू नका. आठ वर्षांचे मूल या पाठानंतर अधिक बघते, अधिक थांबते, पण मोठ्या रस्त्यावर एकटे सोडण्याइतके तयार होत नाही.

आठवड्याभराने मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पाच-पाच मुलांना फाटकाच्या आत उभे करा, बरोबर दोन मोठी माणसे. ओलांडायचे नाही, फक्त पाहायचे. गाडी खुणेपाशी आली की मुले ‘चिंच’ म्हणतात आणि गाडी समोर येईपर्यंत आकडे मोजतात. एस.टी. आणि मोटारसायकल यांचे आकडे वेगळे येतात, ते वहीत लिहा. एखादी मोटारसायकल सातच्या आत पोहोचली, तर तुमची खूण त्या रस्त्यासाठी जवळ पडते आहे. ती पुढच्या खांबावर न्या आणि पालकांच्या चिठ्ठीतही बदला. तीन आठवड्यांनी रांगोळीचे पट्टे पुन्हा काढून आकड्यांची एक फेरी घ्या. तोपर्यंत तिसरी नजर निम्म्या मुलांच्या बाबतीत पुन्हा नुसती मानेची झालेली आढळली, तर नवल वाटून घेऊ नका, फेरी आणखी एकदा घ्या.